काढलेला मध गणपतीपर्यंत फसफसतो: पाणी नेमकं कुठे राहून जातं

दर वर्षी पावसाळ्यात तोच प्रश्न येतो. मे-जूनमध्ये पेटीतून काढलेला मध बाटलीत भरला, दीड-दोन महिने बरा दिसला, आणि मग एक दिवस झाकण फिरवताना फुस्स आवाज झाला. वर बारीक फेस, वास आंबूस, चव जिभेला चुरचुरणारी. विकत घेणारा म्हणतो भेसळ आहे. मधपाळ म्हणतो, माझ्या डोळ्यांसमोर पोळ्यातून काढलाय, भेसळ कसली? भेसळ नसते, पण ग्राहकाची तक्रारही खोटी नसते. मध खराच असतो, फक्त पिकलेला नसतो, म्हणजे त्यात पाणी जास्त राहिलेलं असतं.

आधी आजाराची खात्री करून घ्या. मध काढल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांत वर पांढरा फेस येतो. मधयंत्रात फिरताना अडकलेली ती हवा आणि मेणाचे कण असतात. चमच्याने काढून टाकला की विषय संपला. बाटलीच्या तळाशी साखरेसारखे दाणे धरले तर तेही बिघडणं नाही, ते ग्लुकोजचे स्फटिक. खरी तक्रार तेव्हा, जेव्हा काही आठवड्यांनंतर बुडबुडे खालून वर येत राहतात, झाकण फुगतं आणि वास बदलतो. तळाशी दाणे आणि वर पातळ थर, अशा बाटलीत हे जास्त दिसतं, कारण दाणे बनताना ग्लुकोजला लागलेलं पाणी सुटतं आणि वरचा पातळ भाग आणखी पाणचट होतो. तिथे यीस्टचं फावतं.

हे यीस्ट बाहेरून येत नाहीत. फुलांतून, माश्यांच्या अंगावरून, पोळ्यातून ते मधात आलेलेच असतात. मधात पाणी १७ टक्क्यांच्या आत असेल तर एवढ्या दाट साखरेत त्यांचं काही चालत नाही. १७ ते १९ च्या दरम्यान मध टिकेल की नाही, हे यीस्ट किती आहेत त्यावर ठरतं. २० च्या वर गेलात की आंबण्याची भीती कायम राहते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकातही कमाल मर्यादा २० टक्केच आहे. म्हणजे शोधायचं एवढंच: हे जास्तीचं पाणी पेटीत राहिलं, की पेटीबाहेर आलं?

ते शोधायला माश्या पाणी काढतात कसं हे नीट माहीत हवं, कारण बिघाड त्याच साखळीच्या कुठल्यातरी कडीत असतो.

फुलातला मकरंद बहुतेक पाणीच असतो. समजा एक किलो मकरंद आला आणि त्यात ७० टक्के पाणी आहे. साखर राहिली ३०० ग्रॅम. त्याचा १८ टक्के पाण्याचा मध करायचा तर तो साधारण ३६६ ग्रॅम होईल. म्हणजे ६३४ ग्रॅम पाणी उडवायचं. आता गंमत बघा. त्याच मकरंदाचा २३ टक्क्यांचा कच्चा मध ३९० ग्रॅम होतो. कच्च्या आणि पक्क्या मधात फरक फक्त २४ ग्रॅम पाण्याचा. सहाशेच्या वर पाणी आधीच उडालेलं असतं, आणि सगळा घोटाळा होतो तो या शेवटच्या २४ ग्रॅममध्ये. हे पाणी सगळ्यात हट्टी असतं. मध जितका दाट, तितका तो पाणी धरून ठेवतो.

रानातून आलेली माशी मकरंद स्वतः पोळ्याच्या षटकोनी घरात भरत नाही. ती तो पोळ्यावरच्या तरुण घरमाशीच्या तोंडात देते. घरमाशी पोळ्याच्या जरा मोकळ्या भागात जाऊन उभी राहते, मधपिशवीतला थेंब सोंडेवर काढते, सोंड उलगडते, थेंब पातळ पसरतो, पुन्हा आत ओढते, पुन्हा काढते. पंधरा-वीस मिनिटं हे चालतं. याच वेळी तिच्या ग्रंथींमधले विकर त्यात मिसळतात. इनव्हर्टेज सुक्रोजचे, म्हणजे उसात असते त्याच साखरेचे, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. ग्लुकोज ऑक्सिडेजमुळे मधाला किंचित आम्लपणा येतो. मग हा अर्धवट आटलेला रस ती घराच्या भिंतीला पातळ थरासारखा किंवा लहान थेंबासारखा चिकटवते. घर काठोकाठ भरत नाही, कारण पसरलेल्या थराला हवा जास्त लागते. फुलोरा जोरात असला की मात्र जागा पुरत नाही आणि घरं सरळ भरली जातात. नंतर रस या घरातून त्या घरात हलवणं, दोन घरातलं एकात करणं हे सुरूच राहतं.

यापुढचं काम हवेचं. माश्या ओळीने उभ्या राहून पंख हलवतात आणि पोळ्यांमधून हवा फिरवतात. संध्याकाळनंतर, दिवसभराचा मकरंद आत आल्यावर, पेटीला कान लावला तर तो सलग घुमणारा आवाज स्पष्ट ऐकू येतो. चांगल्या फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळी फळीवर आणि दाराशी ओल दिसते, ती हीच वाफ.

आता मुख्य मुद्दा. हवा नुसती फिरून मध सुकत नाही, ती कोरडी लागते. मध आणि हवा यांच्यात सतत देवाणघेवाण चालू असते. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास असेल तर मध साधारण १८ टक्के पाण्यावर येऊन थांबतो. आर्द्रता ७० असेल तर तो २४ च्या आसपास थांबतो. ८० असेल तर ३३ पर्यंत पाणी शोषू शकतो. म्हणजे ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत माश्यांनी रात्रभर पंख मारले तरी मध २४ च्या खाली उतरणार नाही.

मग जूनमध्ये कुठलाच मध पिकू नये की! पिकतो, कारण माश्या हवा गरम करतात. बाहेर २४ अंश आणि ९० टक्के आर्द्रता आहे असं धरा, पुण्यात पावसाळी रात्री हे अगदी नेहमीचं. हीच हवा पिलावाजवळ, म्हणजे अंडी-अळ्यांच्या पोळ्यांजवळ, ३४ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या जवळ येते, आणि तिथला मध आरामात सुकू शकतो. पण तीच हवा पेटीच्या वरच्या मजल्यावर, मधकोठीच्या कडेच्या चौकटीपाशी २८ अंशांवरच राहिली, तर आर्द्रता ७१ टक्के. तिथला मध चोविशीतच अडकणार. शिवाय माश्यांच्या श्वासाची आणि मकरंदाची वाफ आतच असते, ती वेगळी. एका पेटीत मधली चौकट पक्की आणि कडेची कच्ची निघते, त्याचं कारण हे आहे. म्हणून मी नेहमी सांगतो, पेटीचं एकच माप घेऊ नका, चौकटीचं घ्या.

सातेरी म्हणजे आपली देशी मधमाशी, मेलिफेरा म्हणजे युरोपियन. सातेरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. मेलिफेराची पंखेवाली माशी दाराशी उभी राहते तेव्हा तिचं डोकं दाराकडे आणि पोट बाहेर असतं, म्हणजे ती आतली दमट हवा बाहेर ओढते. आपली सातेरी उलटी उभी राहते, डोकं बाहेर, पोट दाराकडे, आणि बाहेरची हवा आत ढकलते. संध्याकाळी दाराशी वाकून बघा, लगेच कळेल. आत ढकललेल्या हवेला कुठूनतरी बाहेर पडायला वाट हवी. सातेरी मेलिफेरासारखा झाडांचा डिंक आणून फटी बुजवत नाही, त्यामुळे लाकडी पेटीच्या फटींतून ही वाट आपोआप राहते. ती वाट आपणच बंद केली की पंचाईत.

शेवटी मेणाचं झाकण. घर भरलं आणि रस पुरेसा आटला की तरुण माश्या पोटाखालच्या ग्रंथींतून आलेल्या मेणाचे पापुद्रे चावून मऊ करतात आणि घराच्या काठापासून मध्यापर्यंत झाकण लावतात. मधावरचं झाकण पांढरट आणि सपाट असतं. पिलावावरचं तपकिरी, किंचित फुगीर आणि सच्छिद्र, तेव्हा गल्लत करू नका. झाकण म्हणजे मध पिकल्याची खूण, हे बरोबर आहे, पण हमी नाही. दमट हवामानात माश्या २०-२१ टक्क्यांचा मधही झाकतात, सातेरी तर सहज. उलट फुलोरा एकदम थांबला तर अर्धं भरलेलं घर उघडंच राहतं, आणि त्यातला मध सतराचा असू शकतो. झाकणातूनही ओल अगदी हळू आत-बाहेर होत राहते, म्हणून झाकलेली चौकट भर पावसात पेटीत पडून राहिली तर तिचं माप चढू शकतं.

इतकं कळलं की तपास सोपा होतो. मुळशी खोऱ्यातल्या एका दादांची केस सांगतो, कारण त्यात जवळजवळ सगळ्या चुकांचे नमुने एकत्र सापडले.

दादांकडे सातेरीच्या पेट्या आहेत, बांधावर जांभूळ, करंज, थोडा हिरडा. वसाहती जोमदार. तरी मध दर वर्षी ऑगस्टमध्ये आंबायचा. त्यांचा प्रश्न होता, "माश्या तर रात्रभर घुमतात, मग मध पातळ का?" ते मध जूनच्या पहिल्या आठवड्यात, वळवाचे दोन-तीन पाऊस होऊन गेल्यावर काढायचे. त्या आधीच, मेच्या शेवटी, पेटीत पाणी जाऊ नये म्हणून झाकणाखाली प्लास्टिकचा कागद घट्ट अंथरायचे.

झाकण उचलल्यावर पहिली गोष्ट दिसली ती हीच: कागदाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब, आणि काही थेंब चौकटींच्या वरच्या पट्टीवर ओघळलेले. माश्यांनी उडवलेलं पाणी पुन्हा मधावरच गळत होतं.

मग मधकोठीच्या सातही चौकटी एकेक करून पाहिल्या. चौकट आडवी धरायची आणि खाली एकदा झटका द्यायचा. मधल्या चार चौकटींतून काही पडलं नाही. कडेच्या तीनमधून पाण्यासारखे थेंब उडाले. तेवढ्यावरच त्या कच्च्या आहेत हे कळतं, पण आकडा हवा होता. प्रत्येक चौकटीतल्या तीन-चार घरांतून काडीने थोडा थोडा मध घेऊन रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे मधातलं पाणी मोजायच्या उपकरणावर, लावला.

इथे एक सूचना. साध्या हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवरचं माप २० अंश तापमानाला जुळवलेलं असतं. आपल्याकडे दुपारी ३० अंश असतात. उपकरणात आपोआप तापमान सुधारणा नसेल तर २० च्या वरच्या प्रत्येक अंशामागे साधारण ०.०९ टक्के पाणी वजा करायचं. म्हणजे ३० अंशांवर २०.१ दिसलं तर खरं १९.२. ही वजाबाकी राहिली तर चांगला मध उगाच कच्चा ठरतो. उपकरण तपासायला सोबत मिळालेलं तेल वापरा. मधाच्या मापपट्टीचा पल्ला पाण्यापर्यंत जातच नाही, त्यामुळे पाण्याने तपासणं निरर्थक आहे.

दादांच्या चौकटींची सुधारलेली मापं अशी होती: मधल्या चार सुमारे १९.२, कडेच्या तीन सुमारे २३.५. मधल्या चारमधून २.४ किलो मध निघाला असता, कडेच्या तीनमधून दीड किलो. सगळं एकत्र फिरवलं तर मिश्रणाचं पाणी २०.९ टक्के. म्हणजे चार चांगल्या चौकटी तीन कच्च्या चौकटींनी बिघडवल्या. दादा दर वर्षी हेच करत होते, सगळं एका पातेल्यात.

आणि त्यानंतर ते पातेलं मलमलच्या फडक्याने झाकून दोन दिवस ओसरीवर ठेवायचे, मेण वर यावं म्हणून. जूनची हवा. फडकं मुंग्या अडवतं, ओल अडवत नाही. वरच्या थराचं माप तळापेक्षा जास्त येतं ते यामुळे, आणि आंबायला सुरुवातही तिथूनच होते. म्हणजे पाणी तीन ठिकाणांहून आलं: झाकणाखालच्या कागदाने आत कोंडलं, कच्च्या चौकटींनी मिसळलं, आणि ओसरीवर हवेतून शिरलं.

पुढच्या हंगामात दादांनी काय बदललं ते क्रमाने सांगतो.

प्लास्टिक गेलं. पावसासाठी झाकणाच्या वर पत्रा बसवला, तो चारही बाजूंनी थोडा बाहेर काढून. झाकण आणि मधकोठीच्या मध्ये मागच्या बाजूला काडेपेटीतल्या काडीएवढी फट ठेवली आणि तिला बारीक जाळी लावली. यापेक्षा मोठी फट नको. सातेरीला वारा आवडत नाही, मोठी फट ठेवली तर मुंग्या आणि मेणपतंग शिरतात आणि वसाहत पेटी सोडूनही जाते. पेटी किंचित पुढे कललेली ठेवली, म्हणजे आत जमलेलं पाणी दारातून निघून जातं.

कडेच्या ज्या चौकटींवर माश्या दाट नव्हत्या, त्या त्यांनी काढल्या. हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं, जागा जास्त दिली तर मध जास्त येईल असा समज असतो. पण ज्या चौकटीवर माश्यांचा थर नाही तिथे ऊब नाही, आणि ऊब नाही तिथे शेवटचं पाणी निघत नाही. वसाहत जेवढ्या चौकटी झाकते तेवढ्याच ठेवाव्यात.

सगळ्यात मोठा फरक पडला तो वेळेने. मेच्या पहिल्या पंधरवड्यात, पुण्याची हवा दुपारी खडखडीत कोरडी असताना, ज्या चौकटी तीन-चतुर्थांशाहून जास्त झाकलेल्या होत्या तेवढ्याच काढल्या. बाकीच्यांना आणखी वेळ दिला. काढायची वेळही महत्त्वाची: सकाळी लवकर काढलीत तर काल दिवसभरात आलेला ताजा मकरंद अजून मोकळ्या घरांत असतो.

मेअखेर ज्या चौकटी अर्ध्या उघड्याच राहिल्या, त्या मधयंत्रात घालण्याआधी खोलीत सुकवल्या. मध पोळ्यात असतानाच सुकवणं सोपं आहे, कारण शेकडो लहान घरांची उघडी तोंडं हवेला मिळतात. एकदा पातेल्यात आला की फक्त वरचा पृष्ठभाग सुकतो, खालचं पाणी दाट मधातून वर यायला फार वेळ घेतं. लहान बंद खोली घ्यायची, चौकटी मधकोठीतच ठेवून कोठी दोन विटांवर उचलायची आणि खालून वर हवा जाईल असा पंखा लावायचा. खोलीची आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली हवी. एप्रिल-मेमध्ये ती पुण्यात दुपारी फुकट मिळते, जूनमध्ये डीह्युमिडिफायर किंवा एसी लागतो. आर्द्रता मोजायचा लहान घड्याळासारखा हायग्रोमीटर खोलीत ठेवाच, अंदाजावर चालू नका. तापमान ३० ते ३५ अंश, त्याहून जास्त नको, मेण मऊ पडून चौकट खचते. अशा हवेत दिवसाला साधारण एक-दोन टक्के पाणी उतरतं. झाकलेल्या घरांवर याचा जवळजवळ काही परिणाम होत नाही, त्यामुळे झाकलेला पण जास्त पाण्याचा मध असेल तर आधी काट्याने झाकणं ओरखडून घ्यावी लागतात. मेणपतंगाची अंडी असतातच, म्हणून हे काम तीन दिवसांच्या पलीकडे लांबवू नका.

मध काढल्यावर बरणी घट्ट झाकणाची, काठोकाठ भरलेली. मेण वर यायला ठेवायचा तर तोही बंद डब्यात. यंत्र, गाळणी, डबे धुऊन वापरणार असाल तर पूर्ण कोरडे करा, चार किलो मधात ४० ग्रॅम पाणी गेलं की जवळजवळ एक टक्का चढला.

त्या वर्षी दादांच्या मधाचं माप १८.६ आलं. कडेच्या चौकटींचा मध त्यांनी वेगळा ठेवला होता, सुकवून तो १९.५ पर्यंत उतरला. दोन्ही दिवाळीनंतरही शांत होते.

आधीच आंबायला लागलेल्या बाटल्यांचं काय? गरम पाण्यात बाटली ठेवून मध ६३ अंशांवर अर्धा तास राहिला तर यीस्ट मरतात, आंबणं थांबतं. पण चव आणि वास परत येत नाही, विकर कमी होतात आणि मध तापवल्याने तयार होणारं एचएमएफ हे रसायन वाढतं, ज्याला मानकात मर्यादा आहे. असा मध घरी स्वयंपाकात वापरा, विकू नका. माश्यांना परत खायला तर अजिबात घालू नका, आंबलेल्या मधाने त्यांना हगवण लागते. गॅसवर उकळून पाणी उडवायचा खटाटोपही करू नका. पाणी उडेपर्यंत मधाचा पाक होतो.

सगळं करूनही माप २० च्या खाली येत नसेल तर दोन शक्यता राहतात. एक म्हणजे पेटीची जागा: विहिरीकाठी, केळीच्या दाट बागेत किंवा नाल्याला लागून ठेवलेल्या पेटीत हवाच दमट येते. ती उघड्या, उन्हाच्या आणि वाहत्या वाऱ्याच्या जागी टप्प्याटप्प्याने हलवा. दुसरी म्हणजे रिफ्रॅक्टोमीटरच चुकतोय. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, तिथे चौकशी करून एक नमुना तपासून घ्या आणि त्याच बरणीतल्या मधावर घरी माप घ्या. दोन आकड्यांतला फरक उपकरणाच्या डबीवर लिहून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक मापात तो धरा.